धुतलेला बर्फ

प्रेबेनच्या वर्गातला एकही विद्यार्थी तीस वर्षांत तोंडी परीक्षेत पडला नव्हता. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नसे. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सांगावी अशी व्यवस्था मात्र तो बरोबर करत असे. आता निवृत्तीला एकच परीक्षा उरली होती. मुख्याध्यापकांनी निरोपाच्या भाषणात त्या विक्रमावर दोन परिच्छेद लिहिले होते आणि मजकूर तपासून द्यायला प्रेबेनकडेच दिला होता. त्यानं त्यातला एक स्वल्पविराम बदलला, बाकी सगळं योग्य वाटलं.

अडचण एकच होती, आणि तिचं नाव विगा. मुलगी वाईट नव्हती. पण तिला काही विचारलं की ती आधी खिडकीबाहेर फ्योर्डच्या खाडीकडे बघायची, मग स्वतःच्या वहीकडे, आणि तोवर प्रेबेन उत्तर सांगून मोकळा झालेला असे. वर्षभर तिला तो 'दोन'च गुण देत आला होता. डेन्मार्कच्या शाळेत बारा म्हणजे सर्वोच्च आणि दोन म्हणजे काठावर पास. त्याखाली पडलं की संपलं. विगाला जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायचं होतं, तिथली जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण पदार्थविज्ञानात पास झाली तरच. ती पडली तर तिची जागा जाणार आणि प्रेबेनचा विक्रम. यातली कुठली काळजी प्रेबेनला जास्त होती ते आपण त्याला विचारू नये.

दुसऱ्या टोकाला माल्टे होता. प्रेबेननं वाक्य सुरू करावं आणि माल्टेनं पुरं करावं, असं दोघांचं जमलेलं; डेन्मार्कमध्ये मुलं मास्तरांनाही 'तू'च म्हणतात. प्रेबेननं लिहिलेलं पाठ्यपुस्तक माल्टेला जवळजवळ तोंडपाठ होतं. हे पुस्तक बऱ्याच शाळांत चालायचं, आणि त्यातली बर्फ तापवण्याची आकृती प्रेबेननं ऐन उमेदीत स्वतःच्या हातानं काढलेली होती. आडवा अक्ष वेळेचा, उभा तापमानाचा. बर्फ तापतो तेव्हा रेघ चढते, वितळतो तेव्हा सपाट होते, पाणी तापतं तेव्हा पुन्हा चढते, उकळतं तेव्हा पुन्हा सपाट. दोन पायऱ्यांचा सुबक जिना. दोन्ही पायऱ्या सारख्या लांबीच्या, कारण तशा त्या दिसायला बऱ्या दिसत होत्या आणि पानावर जागाही तेवढीच होती.

वर्गात प्रेबेनचं एक वाक्य ठरलेलं असे. "तुमचे आकडे आणि आकृती भांडायला लागली, तर आकृतीचं ऐका." मुलं हसायची. माल्टेनं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रयोग आणि दुपारी हिरव्या टेबलापाशी तोंडी. बाहेरची परीक्षक गुड्रुन नावाची बाई होती, फ्योर्डपलीकडच्या शाळेतली, पन्नाशीची, अगदी कमी बोलणारी. तिनं आल्या आल्या प्रयोगशाळा फिरून पाहिली, कॉफी नको म्हणाली आणि डब्यातला राय धान्याचा काळा पाव काढून उभ्यानंच खाल्ला. जी बाई कॉफी नाकारते तिच्याशी कसं वागावं हे प्रेबेनला ठाऊक नव्हतं.

मुलांनी टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्या उचलल्या. बर्फाचा प्रयोग दोघांच्या वाट्याला आला: माल्टेच्या आणि विगाच्या. दोघांनी एकेकट्यानंच करायचं ठरवलं. माल्टेला वाटेकरी नको होता, आणि विगाचा वाटेकरी व्हायला कुणी तयार नव्हतं.

चिठ्ठीत लिहिलं होतं: फ्रीजरमधला, उणे अठरा अंशांचा, दोनशे ग्रॅम बर्फ घ्या. तीनशे वॉटचा बुडवायचा हीटर लावा. दर पंधरा सेकंदांनी तापमान नोंदवा, आलेख काढा, आणि प्रत्येक टप्प्याला किती ऊर्जा लागली ते सांगा.

चिठ्ठी प्रेबेननंही ऐकली. विगा कुठं चुकणार हे त्याला आधीच दिसत होतं. बर्फाचा एक ग्रॅम एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, ती पाण्याच्या निम्मीच. हे ती दर खेपेला विसरायची आणि बर्फालाही पाण्याचाच आकडा लावायची. नोव्हेंबरात तेच, मार्चमध्ये तेच. पहिल्याच टप्प्यावर ठेच लागली की ही पुढं गोंधळणार, आणि ती कॉफी न पिणारी बाई समोर बसलेली.

बर्फ आणायला म्हणून तो खाली उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात गेला. फ्रीजरमधून चुऱ्याची पिशवी काढली. मग हात तसाच थांबला. पहिला टप्पाच नसेल तर पहिल्या टप्प्यात चूक कशी होईल? त्यानं इकडं तिकडं पाहिलं, चुरा मोठ्या चाळणीत ओतला आणि नळ सोडला. बर्फ तडतडला. खालीवर करून, पाणी निथळू देऊन त्यानं दोनदा धुतला. थोडं पाणी चुऱ्यावरच गोठलं, कण एकमेकांना चिकटले, आणि काही मिनिटांतच चाळणीतला सगळा बर्फ ओलाकंच, शून्य अंशावर येऊन बसला. आता तो तापणार नव्हता, फक्त वितळणार होता. प्रेबेननं तो थर्मोकोलच्या खोक्यात भरला आणि झाकण लावलं. चाळणीही पुसून जागेवर ठेवली, ज्याची कुणाला गरज नव्हती.

खोकं एकच होतं, विद्यार्थी दोन होते. माल्टेचा विचार प्रेबेनच्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण त्या पोराला काय, त्याला उकळतं पाणी दिलं तरी तो जिना काढून दाखवेल, असं म्हणत तो पायऱ्या चढला. यात आपण काय बोललो हे त्याला दुपारी कळलं.

प्रयोगशाळेत दोन तास कसे गेले ते प्रेबेननं कोपऱ्यातून पाहिलं. मुलांना परीक्षेत मदत करायची नसते. डोळ्यांनी करायची नसते असा नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणून तो डोळ्यांनी करत होता. विगानं बर्फ तोलला, हीटरच्या कांडीभोवती नीट दाबून बसवला, आणि थर्मामीटर खुपसून बराच वेळ नुसती बघत राहिली. मग उठून खोक्यापाशी गेली, थर्मामीटर खोक्यातल्या बर्फात खुपसून तिथंही बघत राहिली. प्रेबेन मनातल्या मनात म्हणाला: पोरी, सुरुवात कर की. शेवटी तिनं घड्याळ लावलं, हीटर चालू केला आणि काचेच्या कांडीनं ढवळायला लागली. ढवळत राहिली. उकळी फुटली तशी तिनं बीकर तराजूवर ठेवून वजन घेतलं, परत हीटर लावला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा वजन घेतलं. तिचा कागद पाण्याच्या डागांनी भरला होता. प्रेबेन तिच्या मागून गेला तेव्हा त्याला दिसलं की आलेख शून्यापासूनच सुरू झालाय आणि शेवटची सपाट रेघ कागदाच्या कडेपर्यंत जाऊन बाहेर पडलीय. कुत्र्याच्या शेपटीसारखं काहीतरी. तो खाकरला आणि, जवळच पडलेलं स्वतःचं पुस्तक त्या पानावर उघडं करून, पुढं निघून गेला. विगानं पुस्तक बंद केलं आणि त्यावर ओला बीकर ठेवला.

माल्टेचं टेबल मात्र देवघरासारखं. पाणी कधीच ओतून दिलेलं, बीकर पुसलेला, आणि समोर आलेख: उणे अठरापासून निघणारा, दोन पायऱ्यांचा, रेखीव जिना. शेजारी टप्प्याटप्प्यानं गणित. प्रेबेननं नुसती नजर टाकली आणि त्याला बरं वाटलं. आपलंच अक्षर दुसऱ्याच्या हातून उतरावं तसं.

एवढं पाहून त्याच्या लक्षात यायला हवं होतं. धुतलेला बर्फ उणे अठराला कसा असेल? पण आपलीच आकृती इतकी छान काढलेली पाहिली की माणूस बर्फाची चौकशी करत नाही.

दुपारी हिरवं कापड घातलेल्या टेबलापाशी विगा पहिली आली. बाहेरच्या व्हरांड्यात माल्टेच्या घरची मंडळी कधीच जमली होती. ही त्याची शेवटची परीक्षा, त्यामुळे आजी, काका, लाल-पांढरे कागदी झेंडे, बर्फात गार केलेल्या बाटल्या आणि डब्यात ठेवलेली पांढरी टोपी, जी निकाल लागला की पोराच्या डोक्यावर चढवायची असते. विगाची आई एकटीच होती. तिच्याजवळही टोपीचा डबा होता, तो तिनं पायामागं ठेवला होता.

गुड्रुननं विगाचा डागाळलेला कागद समोर ओढला आणि पहिलाच प्रश्न विचारला की बर्फ तापण्याचा टप्पा कुठं आहे.

"नाहीये," विगा म्हणाली.

"चिठ्ठीत उणे अठरा लिहिलंय."

"चिठ्ठी खोक्यात गेली नव्हती. मी थर्मामीटर घातला, शून्य. वाटलं थर्मामीटर बिघडलाय, म्हणून खोक्यात घालून पाहिला. तिथंही शून्य."

गुड्रुननं प्रेबेनकडे पाहिलं. बर्फ कुठून आणला होता, असं तिनं साधेपणानं विचारलं. प्रेबेन म्हणाला, फ्रीजरमधूनच. हे अक्षरशः खरं होतं, आणि खरं बोलून इतकं घाणेरडं त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

"बरं," गुड्रुन विगाला म्हणाली, "समज उणे अठराला असता, तर?"

प्रेबेननं डोळे मिटले. विगानं खिडकीबाहेर फ्योर्डकडे पाहिलं, मग कागदाकडे. प्रेबेनच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण परीक्षेत मास्तरांनी बोलायचं नसतं, आणि वर्षात पहिल्यांदाच तिला तिचा वेळ मिळाला. दोनशे ग्रॅम, म्हणाली, बर्फाचे दोन पूर्णांक एक दशांश, अठरा अंश. साडेसात किलोज्यूलच्या आसपास. तीनशे वॉट म्हणजे सेकंदाला तीनशे ज्यूल. म्हणजे पंचवीस सेकंद. "दोन नोंदी पण झाल्या नसत्या," ती म्हणाली. "एवढुसा तुकडा असता कागदावर. पुस्तकात उगीच मोठा काढलाय."

प्रेबेननं डोळे उघडले. पहिला टप्पा तिनं बिनचूक केला होता. चाळणी, नळ, पुसापुशी, सगळं फुकट गेलं होतं.

मग वितळण्याचा टप्पा. दोनशे ग्रॅम बर्फ वितळायला सदुसष्ट किलोज्यूल लागायला हवेत, म्हणजे दोनशे तेवीस सेकंद. तिच्याकडं तापमान शून्यावर राहिलं ते दोनशे पाच सेकंदच. गुड्रुननं विचारलं, मग अठरा सेकंद कुठं गेले?

"तेवढा बर्फ नव्हताच," विगा म्हणाली. "दोनशे पाच गुणिले तीनशे, साडेएकसष्ट किलोज्यूल. त्यात एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम वितळतो. राहिलेले सोळा ग्रॅम मी तोलले तेव्हाच पाणी होतं. खोलीनं थोडी ऊब दिली असेल, ती धरली तर अजून एखाद-दुसरा ग्रॅम. बर्फ ओला होता. नुसता बाहेर राहून ओला झाला असता तर कण गोल झाले असते आणि तळाशी पाणी साचलं असतं. तसं नव्हतं. चिकटले होते एकमेकांना. कुणीतरी धुतला असेल असं वाटतं, पण बर्फ कोण कशाला धुवेल?"

प्रेबेननं पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा होता.

शेवटचा टप्पा तिनं भराभर सांगितला. सगळं पाणी वाफ होऊ दिलं नाही, कारण हीटर उघडा पडला असता आणि जळाला असता. म्हणून दहा मिनिटं उकळलं. हीटरनं एकशे ऐंशी किलोज्यूल दिले. एकाहत्तर ग्रॅम वाफ गेली, तिला एकशे साठ लागतात. वीस खोलीत गेले. सगळं पाणी उडवायचं तर साडेचारशे किलोज्यूल, म्हणजे काहीच वाया न जाता पंचवीस मिनिटं. "वितळण्याच्या जवळजवळ सातपट. म्हणून रेघ कागदाबाहेर गेली. कागद पुरला नाही."

विगा बाहेर गेली. प्रेबेन घाईनं म्हणाला की सात देऊ या, सात चांगलाच मार्क आहे. गुड्रुननं पेन्सिल खाली ठेवली. त्याच खोक्यातला बर्फ दुसऱ्या मुलानंही वापरलाय ना, मग त्याचं ऐकल्याशिवाय आपण गुण देऊ नये, असं ती म्हणाली. विगाचा सगळा डोलारा शून्यावर उभा आहे. बर्फ खरंच शून्यावर असेल तर ही मुलगी उत्तम आहे. उणे अठराला असेल तर तिनं पहिला टप्पा झोपेत घालवला आणि वर आपल्याला गोष्ट सांगितली.

तेव्हा कुठं प्रेबेनच्या डोक्यात माल्टेचा जिना आणि स्वतःची चाळणी शेजारी शेजारी आली. करायला गेला काय आणि झालं काय. माल्टेचा आलेख उणे अठरापासून निघत होता. खोकं एकच होतं. दोघांतलं एकच खरं असू शकत होतं, आणि कुठलं, ते जगात एकट्या प्रेबेनला माहीत होतं. गप्प बसावं तर विगा पडते. बोलावं तर माल्टे पडतो, आणि त्याच्या सोबत मास्तरही. विक्रम दोन्हीकडून गेला होता. इतकी वर्षं जे सांभाळलं ते आता फक्त कुणाच्या अंगावर पाडायचं एवढंच त्याच्या हाती उरलं होतं.

माल्टे आत आला तो हसतच. त्यानं इतकं सुंदर सांगितलं की एरवी प्रेबेनचे डोळे पाणावले असते. उष्णता जाते पण तापमान वाढत नाही, ती रेणूंना सुटं करण्यात खर्ची पडते, वगैरे. चारही टप्प्यांच्या ऊर्जा अचूक: साडेसात, सदुसष्ट, चौऱ्याऐंशी, चारशे एक्कावन्न. गुड्रुन मान हलवत ऐकत होती.

"उकळण्याचा टप्पा किती वेळ चालला?" तिनं विचारलं.

माल्टेनं कागदावर पाहिलं. "दोनशे तेवीस सेकंद."

"आणि वितळण्याचा?"

"दोनशे तेवीस." तो किंचित थांबला.

"हीटर तोच होता?"

"हो."

"मग दोनशे तेवीस सेकंदांत त्यानं किती ऊर्जा दिली, तेवढं गुणून सांग."

हुशार मुलगा होता. गुणाकार व्हायच्या आधीच त्याचा चेहरा उतरला. सदुसष्ट किलोज्यूल. त्यात तीस ग्रॅम पाणी उडतं, दोनशे नाही. शेजारी त्यानंच लिहिलेले चारशे एक्कावन्न त्याच्याकडे बघत होते. सूत्रानं त्यानं ऊर्जा काढली होती, आकृतीवरून वेळ, आणि दोघांची गाठ घालून द्यायचं त्याला सुचलं नव्हतं. सुचावं कशाला? पुस्तकात त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

"आकृतीत दोन्ही सारखे आहेत," माल्टे हळू म्हणाला.

"कुठल्या आकृतीत?"

त्यानं प्रेबेनकडे पाहिलं. गुड्रुनला पुस्तक ठाऊक होतं. तिच्या शाळेतही तेच चालायचं. ती प्रेबेनकडे वळली. "हा म्हणतो बर्फ उणे अठराला होता, ती म्हणते शून्याला. तू आणलास. तू सांग."

प्रेबेननं बरीच वर्षं हिरव्या कापडाच्या या बाजूला काढली होती. घाम त्या बाजूला येतो अशी त्याची समजूत होती. आकृती ढोबळ असते, प्रमाणात नसते, असं एक वाक्य त्याच्याकडं तयार होतं, आणि ते चांगलं वाक्य होतं. पण आकृती ढोबळ म्हटली की माल्टेचे आकडे बनावट ठरतात, आणि आकडे खरे म्हटले की पाण्यालाच खोटं पाडावं लागतं. पाण्याला नापास करायची सोय परीक्षेत नव्हती. बाहेर झेंडे धरून बसलेली म्हातारी आजी आणि पायामागं डबा लपवून बसलेली ती बाई, दोघी त्याला भिंतीतून दिसत होत्या. लाज वाटली त्याला, सरळ लाजच. एका पोरीला जमणार नाही असं त्यानं ठरवलं, दुसऱ्याला सगळं जमेल असं ठरवलं, आणि दोघांना काय येतं ते बघायचं तेवढं राहून गेलं.

"शून्याला होता," तो म्हणाला. "मी धुतला."

"काय केलंस?"

"धुतला. चाळणीत. नळाखाली. विगा पहिल्या टप्प्यात चुकेल म्हणून."

गुड्रुननं टेबलावरची नियमावली ओढून चाळली. नियमावलीत कॉपीबद्दल लिहिलंय, मोबाइलबद्दल लिहिलंय, असं ती शेवटी म्हणाली. बर्फ धुण्याबद्दल काही नाही, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं. पण न मोजलेले आकडे मोजले म्हणून लिहिण्याबद्दल मात्र आहे.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. मुख्याध्यापकांना बोलावलं, ते आले, त्यांनी ऐकलं, आणि भाषणातले दोन परिच्छेद त्यांच्या चेहऱ्यावरून पुसले जाताना प्रेबेनला दिसले. माल्टेची परीक्षा रद्द. ऑगस्टमध्ये पुन्हा द्यायची. प्रेबेनबद्दल वर कळवायचं. विगाला गुड्रुननं दहा सांगितले. प्रेबेन म्हणाला, बारा. गुड्रुन म्हणाली, बारा दिले असते, पण पुस्तकावर ओला बीकर ठेवलेला मी पाहिला. मग तिला पुस्तक कुठलं होतं ते आठवलं असावं, कारण तिनं दहा खोडून बारा केले.

विगाला निकाल सांगितला तेव्हा तिला खरं वाटेना. तिनं आकडा दोनदा विचारून घेतला, आणि दोन्ही वेळा तोच आल्यावर मग ती रडली. व्हरांड्यात तिच्या आईनं टोपी डोक्यावर चढवली, ती जरा मोठी झाली. माल्टेच्या आजीला अजून काही माहीत नव्हतं. तिनं विगासाठीही झेंडा हलवला.

माल्टे मागच्या दारानं, सायकलींच्या छपराखाली जाऊन उभा होता. प्रेबेन तिथं गेला. काय बोलायचं ते त्यानं चालता चालता दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा ते त्याच्या पुस्तकातल्यासारखं वाटलं, म्हणून त्यानं सोडून दिलं. मुलगा रागावलेला नव्हता. तो खरोखरीच कोड्यात पडला होता.

"आधी तू थर्मामीटर घातलास ना बर्फात?" प्रेबेननं विचारलं.

"हो."

"किती दाखवत होता?"

"शून्य."

"मग तेच का नाही लिहिलंस?"

माल्टेनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसा वर्गात एखादा फारच सोपा प्रश्न विचारल्यावर तो पाहायचा.

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "तुझं कसं चुकेल?"